श्लागनला कर्ता लागतो

मी जर्मन भाषा माझ्या बापाच्या घरात शिकले. बापाला याचा पत्ताही नव्हता. तो रावेरजवळच्या आमच्या गावी ओट्यावर बसलेला असायचा आणि मी जळगावात हॉस्टेलच्या पलंगावर डोळे मिटून. तरी रोज सकाळी ड्यूटीला जायच्या आधी मी त्याच्या घरात शिरायचे, भिंतीभिंतीने फिरायचे, आणि बाहेर पडेपर्यंत त्याला वीस-पंचवीस वेळा ठार मारलेलं असायचं. मग वेणी घालून वॉर्डात जायचे आणि पेशंटना गोड आवाजात विचारायचे, झोप लागली का.

मी नर्स आहे. तिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, जिभेने तिखट. आमच्या वॉर्डातले डॉक्टरसुद्धा माझ्याशी जपून बोलतात आणि मला ते आवडतं. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलने मला घ्यायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर: नर्सिंगसाठीची जर्मनची परीक्षा पास व्हायची. दोनदा बसता येणार होतं. दुसऱ्यांदा नापास झाले की ते पत्र रद्दीत. मला तिथं कशाला जायचं होतं ते सरळ सांगते. बापाचा आवाज जिथं पोचणार नाही अशा जागी जायचं, हे मी नऊ वर्षांची असताना ठरवलं होतं. जळगाव त्यासाठी फार जवळ होतं.

क्लास धुळ्याला होता, दर रविवारी. सकाळच्या एसटीने जायचं, पाळधी, एरंडोल, पारोळा करत. शिकवणाऱ्या मॅडम धुळ्याच्याच. कित्येक वर्षं जर्मनीत काढून परत आलेल्या, आणि घराच्या पुढच्या खोलीत आम्हा सहाजणींना घेऊन बसायच्या. बोलायच्या पुस्तकी, पण डोकं फिरलं की थेट अहिराणीवर यायच्या. माझ्यामुळे त्यांचं डोकं लवकर फिरायचं. कारण माझं म्हणजे पुढचं पाठ, मागचं सपाट. तीस शब्द रात्रपाळीत घोकायचे आणि रविवारी त्यातले चार उरायचे.

"घोकंपट्टी बंद," एके रविवारी मॅडम म्हणाल्या. "तुझ्या ओळखीचं घर घे. डोळे मिटून ज्यात चालता येईल असं. दारातून आत शीर, नेहमी एकाच दिशेने फीर, आणि वाटेत येणाऱ्या जागा ठरव. खुंटी, कोनाडा, चूल, काय असेल ते. जागा कधी बदलायच्या नाहीत. मग एका जागी एक शब्द ठेवायचा. शब्दाचं चित्र करायचं. शब्दासारखा ऐकू येणारा मराठी शब्द शोध आणि तो अर्थाशी बांध. साधं चित्र पुसलं जातं. भयंकर कर. घाणेरडं कर. हलतं कर."

"किती भयंकर?" मी विचारलं.

"तुला जमेल तितकं."

त्यांना काय माहीत, आमच्याकडे भयंकराला तोटा नव्हता.

जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं. डेअर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते. शब्द पाठ करायचा तर लिंगासकट. मॅडमनी युक्ती सांगितली की तीन लिंगांना घराचे तीन भाग वाटून द्या. मला विचार करावाच लागला नाही. ओटा बापाचा, म्हणून 'तो' सगळे ओट्यावर. स्वयंपाकघर आईचं, तिथं 'ती'. आणि मागचा गोठा 'ते'साठी. गोठ्यात गुरं, वासरं, शेण आणि एकदा मी.

आधी मी काय घोळ घातला ते सांगते. मी शब्द मराठीच्या लिंगाने ठेवत गेले. 'ते दार' म्हणून दार गोठ्यात नेलं, 'ती सुरी' म्हणून सुरी स्वयंपाकघरात. क्लासमध्ये ऐटीत म्हणाले, डास ट्यूर. मॅडमनी कपाळावर हात मारला. जर्मनांचं दार बाई आहे आणि सुरी नपुंसक. त्यांच्याकडे हातसुद्धा 'ती' असतो आणि डोकं 'तो'. म्हणून अख्खं घर पुन्हा लावावं लागलं. एक मात्र त्यात लक्षात आलं. जखम, रक्त, भीती. या तिघांच्या बाबतीत त्यांचं आणि आपलं एकमत आहे. ती, ते, ती.

मग मात्र गाडी सुटली. डोकं म्हणजे डेअर कोप्फ. मराठीत कोप! ओट्याच्या पहिल्या खांबाशी बापाचं डोकं ठेवलं, कोपलेलं, लालभडक, आणि ते उकळत्या कुकरसारखं फुटलं. मेंदू थेट शेजारच्यांच्या वाळवणावर. मला इतकं बरं वाटलं की मी हॉस्टेलच्या पलंगावर एकटीच हसले. पट्टा म्हणजे डेअर ग्युर्टल. खुंटीवर टांगलेला बापाचा पट्टा उतरला, गुरांनी तो तोंडात धरला आणि गुरांनीच बापाला झोडपलं. रक्त म्हणजे डास ब्लूट. गोठ्याच्या दाराशी बापाचे बूट, आणि बुटात घोट्यापर्यंत रक्त. त्याचंच. सुरी म्हणजे डास मेसर. गव्हाणीत मिसरीचा डबा, त्यातून सुरी निघाली आणि मिसरी लावत बसलेल्या बापाची जीभ कापली. बँडेजने त्याचा गळा आवळला, किल्ली त्याच्या डोळ्यात फिरवली.

क्रियापदांना लिंग नाही, म्हणून ती मी रस्त्यावर मांडली, जळगाव ते धुळे. टोचणं म्हणजे श्टेशन. जळगाव स्टेशनच्या फलाटावर सगळे उतारू एकमेकांना सुया भोसकताहेत. मदत करणं म्हणजे हेल्फन. पाळधीला एक बाई मदतीसाठी हेलपाटे घालतेय आणि कुणी दार उघडत नाही. एरंडोलला श्लागन. मारणं. श्लागन, लागणं. तिथं थांब्यावर बाप पडलेला आणि त्याला चारी बाजूंनी लागतंय. पारोळ्याच्या नाक्यावर येमांट, म्हणजे 'कुणीतरी'. रेड्यावर बसून यम वाट बघतोय, कुणीतरी येईल म्हणून. एसटीत बसले की खरा रस्ता आणि माझा रस्ता एकमेकांवर चढायचे. कंडक्टर "एरंडोल, एरंडोल" ओरडला की माझ्या आत बाप किंचाळायचा.

त्याच दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, अशी फेरी मारायची. मी एकही फेरी चुकवली नाही. देवळात जावं तशी नेमाने जायचे. महिन्याभरात दोनशे शब्द घरात बसले आणि मी क्लासमध्ये भाव खाऊ लागले.

आणि पहिल्या परीक्षेत सपशेल आपटले.

पुण्याला परीक्षा होती. तोंडी परीक्षेत एक बाई पेशंट झाल्या होत्या. त्यांनी हाताकडे बोट दाखवून काही विचारलं. मला बँडेज हवं होतं. मी डोळे न मिटताच ओट्यावर गेले. ओट्यावर बाप गळा धरून तडफडत होता. दुसऱ्या खांबाशी गेले, तिथंही बाप तडफडत होता. खुंटीशी बाप, पायरीशी बाप, कोनाड्यात बाप. सगळीकडे तोच, तेच तोंड, तोच आवाज, आणि त्याला मारणारी वस्तू कुठली होती ते काही केल्या दिसेना. मी म्हणाले, "मी आता तुम्हाला पट्टा बांधते." बाई दचकल्या. पुढे किल्ली म्हणायच्या जागी सुरी म्हणाले. मग गप्पच झाले. नापास.

धुळ्याला जाऊन मॅडमसमोर बसले, मान खाली घालून. त्या म्हणाल्या, तुझं घर मला मोठ्याने फिरून दाखव. मी दाखवलं. पहिल्यांदाच कुणाला तरी दाखवत होते. खांब, खुंटी, कोनाडा, गव्हाण. मॅडम ऐकत होत्या, चहा गार होत होता. गोठ्यापर्यंत गेले तशा त्यांनी हात वर केला.

"आठे ते बठ्ठा बापच शे!" त्या ओरडल्या, म्हणजे इथं तर सगळा बापच आहे. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकच माणूस पंचवीस जागी ठेवलास तर चित्रं एकमेकांत मिसळणारच. प्रत्येक जागी वेगळा माणूस हवा, वेगळी हालचाल हवी. आणि मला एक सांग. तू शब्द पाठ करत होतीस की त्याला मारत होतीस?"

"दोन्ही."

"एक काहीतरी कर."

मला राग आला. त्यांचा नाही, त्याचा. दूरदेशी जायला निघाले तर तिथल्या शब्दांतही हाच पाय पसरून बसला.

मॅडमनी त्याच दिवशी सरावाला घेतलं. त्या पेशंट, मी नर्स. त्या दंड धरून कण्हू लागल्या. मला विचारायचं होतं, तुम्हाला लागलं का? मी एरंडोलला गेले, श्लागन उचललं आणि विचारलं, "हाबन झी गेश्लागन?"

मॅडम कण्हायच्या थांबल्या. "मी? मी कुणाला मारणार, बाई? तू मला विचारतेयस, तुम्ही मारलंत का?"

"लागलं का, असं विचारतेय मी."

"श्लागन म्हणजे लागणं नाही. तुला आवाजाची खुंटी मिळाली आणि अर्थ तू तिच्यावरचाच घेतलास. ती खुंटी नुसती शब्दापर्यंत पोचायला, पुढचं चित्र अर्थाचं हवं. श्लागन म्हणजे मारणं. आपोआप होत नाही ते. श्लागनला कर्ता लागतो. तुझ्या चित्रात त्याला नुसतं लागतंय. मारतंय कोण?"

मी बघितलं. एरंडोलच्या थांब्यावर बाप पडलेला होता, चारी बाजूंनी लागत होतं, आणि मारणारं कुणीच नव्हतं. नुसते वळ उठत होते.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून राहिले, एकही शब्द घोकला नाही. आमच्या घरात कधी कुणी कुणाला मारलंच नव्हतं. नेहमी लागायचं. आईच्या भुवईला लागलं. आईचा दात पडला. आईची बांगडी फुटली, मनगटात गेली. डॉक्टर विचारायचे, कसं झालं, आणि आई म्हणायची, "लागलं, डॉक्टरसाहेब." शेजारणी विचारायच्या, त्यांनाही तेच. मीही शाळेत तेच सांगायचे. वाक्यात कर्ता नसायचा, आणि घरातला कर्ता ओट्यावर पाय पसरून बसलेला असायचा. तिसरीत बाई कर्ता ओळखा म्हणून वाक्यं द्यायच्या, आणि मला दहापैकी दहा मिळायचे.

जे खरं घडलं होतं ते मी माझ्या त्या घरात कुठेच ठेवलं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं. सगळं रचलेलं. फुटणारं डोकं, कापलेली जीभ. खरी गोष्ट फार साधी होती. मी नऊ वर्षांची. आई कणीक मळत होती. सकाळच्या भाजीत मीठ जास्त, एवढंच झालं होतं. बाप ओट्यावरून उठला, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला आणि चुलीवरचा तवा उचलून तिच्या कपाळावर मारला. भुवई फाटली. रक्त परातीतल्या कणकेच्या उंड्यावर पडलं. आईने पदराने डोळा दाबला, आणि दुसऱ्या हाताने उंड्याचा लाल झालेला भाग तोडून बाजूला टाकला. मग उरलेल्याच्या पोळ्या लाटल्या. बाप जेवला. त्या दिवशी मी त्याच्या हाताला कडकडून चावले. त्याने मला गोठ्यात नेलं आणि वासराच्या दाव्याने मेढीला बांधलं. गोठ्याच्या मधल्या त्या खांबाला. दुपारपासून गुरं परत येईपर्यंत मी तिथं होते. आईने सोडवलं तेव्हा हातांवर दाव्याचे वळ होते. ती त्यांना तेल लावत म्हणाली, "लागलं का तुले?"

दुसऱ्या परीक्षेला दोन महिने होते. मी बापाला घरातून बाहेर काढायला घेतलं. सोपं नव्हतं. त्याला मारायची मला चटक लागली होती, आणि चटक सुटताना चिडचिड होते. एकेक जागा रिकामी करायची आणि तिथं नवा माणूस आणायचा. पहिल्या खांबाशी आमच्या वॉर्डातले सर्जन आणले, त्यांचाही कोप प्रसिद्ध आहे. डोकं त्यांचं फुटू दे. खुंटीवरच्या पट्ट्याने गुरं आता केळीच्या व्यापाऱ्याला झोडपत होती, वजनाच्या काट्यावरून खाली पाडून. बुटातलं रक्त एका पुढाऱ्याचं. मिसरीच्या डब्यातल्या सुरीने आमच्या हॉस्टेलच्या वॉर्डनची जीभ गेली, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. चित्रं तेवढीच रक्ताळलेली राहिली, माणसं मात्र वेगळी आणि मरायची तऱ्हा प्रत्येकाची निराळी.

दोन जागी मात्र मला कुणाला आणावं लागलं नाही. जखम म्हणजे डी वुंडे. स्वयंपाकघरात, परातीत, रक्ताचा उंडा. तो जसा होता तसाच ठेवला. आणि मुलगी. जर्मनमध्ये मुलगी 'ती' नसते, 'ते' असते. डास मेडशन. म्हणजे माझ्या हिशोबाने ती जाणार गोठ्यात. मेडशन, मेढ. मी किती दिवस हा शब्द टाळला होता. शेवटी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून गोठ्यात गेले. मुलगी मेढीला बांधलेली होती. मी तिला सोडवलं नाही. सोडवलं असतं तर शब्द गेला असता. तिच्याकडे बघून ढसाढसा रडले आणि ड्यूटीवर परत गेले.

राहिलं श्लागन. एरंडोलहून ते उचललं, आणि क्रियापद असूनही घरात आणलं, ओटा आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या उंबऱ्यावर. तिथं बापाला उभा केला. सबंध घरात आता तो एकाच जागी होता. हातात तवा, आणि तो मारत होता. त्याला काही लागत नव्हतं. तो मारत होता.

पुण्याला पुन्हा गेले. तोंडी परीक्षेला कार्ड मिळालं: अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, मुलाकडे राहते, दंडावर निळा डाग, दाखल करून घ्या, माहिती विचारा. परीक्षक बाई पेशंट झाल्या, या वेळच्या दुसऱ्या होत्या, बारीक, पांढऱ्या केसांच्या. मी नाव विचारलं, औषधं विचारली, ॲलर्जी विचारली. सर्जनांचं डोकं फुटलं, व्यापारी काट्यावरून पडला, शब्द येत गेले. मग मी दंडाकडे बोट दाखवलं.

"इश बिन गेफालन," त्या म्हणाल्या. मी पडले.

हे वाक्य मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याचा सूरसुद्धा ओळखीचा होता. पुढच्या प्रश्नाकडे जायचं, एवढंच करायचं होतं. वेळ कमी होता. मी पारोळ्याच्या नाक्यावर गेले, यमाला उचललं, तशीच आमच्या उंबऱ्यावर आले. बाप तवा घेऊन उभा होता. मी विचारलं, "हाट झी येमांट गेश्लागन?"

तुम्हाला कुणी मारलं का?

बाईंनी आपल्या कार्डाकडे पाहिलं. बहुधा तिथं उत्तर नसावं. मग हळू म्हणाल्या की नाही, पण विचारलंस ते बरं केलंस. मला वाटतं तेवढं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

मी पास झाले. धुळ्याला मॅडमच्या पाया पडले, तर त्या म्हणाल्या, पाया पडू नकोस, उमलाउट, ते दोन टिंबांचे स्वर, नीट म्हणायला शीक. पेढे घेऊन मी गावी गेले.

बाप ओट्यावर होता, काठी मांडीवर आडवी. आता सत्तरीला आलाय, गुडघे गेलेत. पेढा घेतला, काय पास झाले ते विचारलं नाही. आत आई उजव्या हाताने पीठ चाळत होती. डावं मनगट सुजून वर आलेलं, त्यावर हळदीचा लेप. मी काही म्हणायच्या आतच ती म्हणाली, "काही नाही वो माय, लागलं."

मी मनगट हातात घेतलं, बोटं हलवायला लावली. हाड शाबूत होतं. मग परीक्षेत विचारला तसाच प्रश्न विचारला, तिशी उलटेपर्यंत तिला कधीच न विचारलेला.

"आई, कोनी मारलं का तुले?"

ती चाळता चाळता म्हणाली, "तुले कोनी शिकवलं असं इचाराले?"

"जर्मनीत इचारतात."

"मग तेयले काय सांगतात?"

"कोनी मारलं त्याचं नाव सांगतात. नुसतं लागलं म्हटलेलं चालत नाही."

आई हसली. आधी तिला गंमत वाटली असावी. मग तिने चाळणी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि उठली. माझ्याशी बोलत नव्हती, घराशी बोलावं तशी बोलत होती. "इथं तवा," ती चुलीशी म्हणाली. "तुह्या बापानं मारलं. तू चावली व्हती त्या दिवशी." दोन पावलं उजवीकडे. "इथं पाट. पोळ्याच्या दिवशी. तुह्या बापानं." फडताळ. "इथं डोकं आपटलं. तुह्या आजीच्या तेराव्याले." जात्याचा कोपरा. पाण्याचा माठ. मागचं दार. ती भिंतीभिंतीने चालत होती, एकाच दिशेने, एकही जागा न वगळता, आणि प्रत्येक जागी एकच गोष्ट होती, आपल्या सणासह, आपल्या वस्तूसह, कुठेही सरमिसळ नाही. गोठ्यात गेली, मेढीवर हात ठेवला. "इथं तुले बांधलं. तुह्या बापानं."

मी तिच्या मागे चालत होते. मला ही विद्या शिकायला धुळ्याला जावं लागलं होतं. तिला ती कुणी शिकवली नव्हती आणि तिचा एक शब्दही गळाला नव्हता. चाळीस वर्षं रोज तिची फेरी चालू होती, केर काढता काढता.

घर फिरून ती ओट्यावर आली. बाप वर बघत होता. त्याच्या अगदी समोर उभी राहून तिने सुजलेलं मनगट पुढे केलं. "आन हे परवाचं. इथं. तुम्ही मारलं."

"काय बोलू राहिली?" तो म्हणाला, आणि काठी उचलली.

आई मागे सरली नाही. त्या काठीखाली ती इतकी स्वस्थ उभी होती की मला तेच सहन झालं नाही. मी काठी हिसकावली आणि तीच त्याच्या मनगटावर मारली. हाडावर बसल्याचा आवाज आला. तो ओरडला, हात पोटाशी धरून खाली वाकला, आणि त्याचे डोळे पाण्याने भरले. म्हातारा दिसला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची किळस आली. पंधरा वर्षं नर्स आहे मी. तोंडातून सवयीने निघालं, "आबा, लागलं का?"

आईने माझ्या हातातली काठी काढून घेतली. "असं नको म्हनू," ती म्हणाली. "तू बी नको म्हनू. पोरीनं मारलं, असं म्हन."

मी त्याचं मनगट तपासलं. सूज होती, हाड शाबूत होतं. पट्टी बांधली. आईने पिशवीत दोन लुगडी घातली आणि माझ्याबरोबर रावेरच्या स्टँडवर आली. ती आता जळगावात आहे, हॉस्टेल सोडून मी घेतलेल्या भाड्याच्या खोलीत, माझा व्हिसा यायचा आहे, आणि मी गेले की ही खोली तिची. संध्याकाळी मी तिला शब्द म्हणून दाखवते. तिला डास मेडशन आवडत नाही, मुलीला 'ते' कशाला म्हणतात म्हणून भांडते.

उंबऱ्यावरच्या त्या जागी आता दोन माणसं आहेत. मॅडम म्हणतात, एका जागी एकच चित्र ठेवावं, नाहीतर घोळ होतो. पण दुसरीला मला तिथून हलवता येत नाही. तिच्या हातात काठी आहे. मी बापाला मारलं. कर्ता मी.